शिक्षण कर्जाचं साचलेलं व्याज: दरमहा भरायचं, शेवटी भरायचं, की मुद्दलात जाऊ द्यायचं?

मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, कर्ज मंजूर झालं, की बँकेतला अधिकारी हमखास सांगतो, "शिकत असताना काही भरायचं नाही, नोकरी लागल्यावर बघा." पुढे कोणीतरी नातेवाईक म्हणतो, "अहो, व्याज तरी भरत राहा, नाहीतर डोंगर होईल." दोघांचं थोडं थोडं खरं आहे. यांच्यामधला एक तिसरा रस्ताही आहे आणि बऱ्याच घरांना तोच सोयीचा पडतो. तो आधी कोणी सांगत नाही, कारण बँकेच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी नियम. सरकारी बँका बहुतेक करून इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर चालतात. त्यात अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढे एक वर्ष, एवढा मोरेटोरियम मिळतो. या काळात हप्ता नाही, पण व्याज मात्र पहिली रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून चालू होतं. ते साधं व्याज असतं. म्हणजे व्याज साचत जातं, पण त्या साचलेल्या व्याजावर पुन्हा व्याज लागत नाही. मोरेटोरियम संपला की ही सगळी साचलेली रक्कम मुद्दलात मिळवतात आणि त्या बेरजेवर हप्ता बांधतात. व्याज मुद्दलात जातं तो दिवस आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या दिवसापासून व्याजावर व्याज सुरू होतं.

एक उदाहरण घेऊ. ८ लाखांचं कर्ज, चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी सुरुवातीला २ लाख कॉलेजला जातात, दर १० टक्के. (खरा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर खालीवर होतो, पण हिशेबापुरता तो स्थिर धरू.) पहिल्या २ लाखांवर पाच वर्षं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि शेवटच्यावर दोन. वर्षाला २ लाखांमागे २० हजार, म्हणून एकूण साचलेलं व्याज २ लाख ८० हजार. परतफेड दहा वर्षांची धरली तर तीन रस्त्यांची तुलना अशी दिसते:

| | काहीच भरलं नाही | दरमहा व्याज भरलं | बाजूला साठवून शेवटी भरलं |
|---|---|---|---|
| हप्ते सुरू होताना बाकी | १०.८० लाख | ८ लाख | ८ लाख |
| मासिक हप्ता | सुमारे १४,२७० | सुमारे १०,५७० | सुमारे १०,५७० |
| मोरेटोरियममध्ये खिशातून | ० | २.८० लाख | २.४५ लाखांच्या आसपास |
| एकूण खर्च | सुमारे १७.१ लाख | सुमारे १५.५ लाख | सुमारे १५.१ लाख |

पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातला दीड लाखाहून जास्त फरक सगळ्यांना दिसतो. माझं लक्ष तिसऱ्याकडे आहे. साध्या व्याजात पहिल्या वर्षी भरलेले महिन्याच्या व्याजाचे १,६६७ रुपये आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी भरलेले तेच १,६६७ रुपये यांत बँकेच्या लेखी काही फरक नाही. व्याज साचलेलं आहे, ते वाढत नाही. मग चार वर्षं आधी बँकेला देऊन आपला फायदा काय? तेच पैसे आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, टाकले तर साडेसहा टक्क्यांच्या आसपासच्या दराने पाच वर्षांत ३५ ते ३८ हजार व्याज पदरात पडतं (त्यावरचा कर वेगळा). मुद्दलात मिळवण्याच्या आधी ती ठेव मोडून सगळं साचलेलं व्याज एकरकमी भरायचं. शिवाय मधल्या काळात घरात आजारपण आलं तर पैसा हाताशी राहतो. बँकेला दिलेलं व्याज परत मागता येत नाही.

यात तोटा कुठे आहे तेही बघा. घरात एखादं लग्न निघालं की आरडी मोडते, आणि मोडलेली आरडी पुन्हा भरणारे लोक मी फार पाहिलेले नाहीत. आपलं घर त्यातलं असेल तर दरमहा बँकेतच भरा. ३५-३८ हजारांचा फायदा सोडणं परवडतं, पण २.८० लाख मुद्दलात जाणं महागात पडतं.

दोन गोष्टींमुळे हा हिशेब उलटा होऊ शकतो.

पहिली, एक टक्क्याची सवलत. आदर्श योजनेत बँकेला अशी मुभा आहे की शिक्षणाच्या काळात जो व्याज नियमित भरेल त्याला दरात एक टक्का सूट द्यावी. काही बँका ती देतात, काही देत नाहीत, आणि देणाऱ्यांतही ती कधीपर्यंत चालते हे एकसारखं नसतं. आपल्या उदाहरणात सूट फक्त मोरेटोरियमपुरती असेल तर २८ हजार वाचतात. म्हणजे आरडीइतकंच, त्यावरचा कर धरला तर दोन्ही सारखेच. पण सूट पुढे परतफेडीतही चालत असेल तर हप्ता १०,१३० च्या आसपास येतो, एकूण खर्च १४.७ लाखांवर उतरतो, आणि मग दरमहा भरणं निर्विवाद सरस. सँक्शन लेटरमध्ये ही ओळ शोधा. एखादा महिना चुकला तर सूट जाते का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, व्याज खरंच साधं आहे का. खासगी बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्या आदर्श योजनेला बांधलेल्या नाहीत. काहींकडे शिकत असतानाच व्याज किंवा त्याचा काही भाग भरावाच लागतो, काहींकडे कोर्सनंतरची सवड सहाच महिन्यांची असते, आणि काही न भरलेलं व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात टाकतात. तसं असेल तर तिसरा रस्ता बाद. दरमहा भरा, कारण १० टक्के लागणारं व्याज साडेसहा टक्क्यांच्या ठेवीने भरून निघत नाही.

हे ओळखायला स्टेटमेंट पुरतं. २ लाखांवर १० टक्क्यांनी दिवसाला साधारण ५४ रुपये ७९ पैसे होतात, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्याला १,६४४ आणि ३१ दिवसांच्या महिन्याला १,६९९. पुढची रक्कम कॉलेजला जायच्या आधीचे दोन ३० दिवसांचे महिने घ्या, उदाहरणार्थ सप्टेंबर आणि नोव्हेंबर. दोन्हींत १,६४४ दिसले तर व्याज साधं आहे. नोव्हेंबरचा आकडा थोडा चढलेला असेल आणि दर मात्र बदलला नसेल, तर व्याजावर व्याज लागतंय. शाखेत तोंडी विचारण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं.

आता ज्यांनी यातलं काहीच करू नये त्यांच्याबद्दल. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत मोरेटोरियमचं व्याज सरकार भरतं. अशा घराने स्वतःहून व्याज भरत राहण्यात अर्थ नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यायचा आणि अनुदान कर्जखात्यात जमा झालं का, हे दरवर्षी पाहायचं. जमा झालं नाही आणि कोणी विचारलंही नाही, तर तीच रक्कम शेवटी मुद्दलात जाऊन बसते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमपुरती ३ टक्के सवलत आहे, पण ती ठरावीक दर्जाच्या संस्थांपुरतीच. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी पाहा.

समजा आईवडिलांना काहीच भरणं जमलं नाही आणि मुलीला कोर्स संपल्यावर ऑगस्टमध्ये पुण्यात नोकरी लागली, हातात ३२ हजार. कोर्स संपताना व्याज २ लाख साचलेलं आहे आणि उरलेल्या वर्षात आणखी ८० हजार साचणार. उत्साहाच्या भरात ती शाखेत "नोकरी लागली, हप्ता सुरू करा" असा अर्ज देऊ पाहते. माझं मत, देऊ नये. हप्ता सुरू झाला की साचलेलं व्याज त्याच दिवशी मुद्दलात जातं, आणि जे महिने फुकटात मिळत होते ते आपणच सोडून देतो. त्याऐवजी महिन्याला ८ हजार बाजूला टाकले तर अकरा महिन्यांत ८८ हजार होतात. ते मोरेटोरियम संपायच्या आत, म्हणजे जूनअखेर, भरले तर हप्ता १४,२७० ऐवजी १३,१०० च्या आसपास बसतो. नोकरी तीन महिन्यांत सुटली तर हीच शिल्लक खोलीचं भाडं भागवेल. मात्र जुनी सँक्शन लेटरं तपासा. २०१५ च्या आधीच्या योजनेत "नोकरी लागल्यापासून सहा महिने किंवा कोर्सनंतर एक वर्ष, जे आधी होईल ते" अशी अट असे, आणि काही कर्जदात्यांकडे ती आजही आहे.

३२ हजारांत १३-१४ हजारांचा हप्ता जड वाटला तर मुदत पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. १०.८० लाखांवर तो सुमारे ११,६०० होतो, पण एकूण परतफेड १७.१ वरून २०.९ लाखांवर जाते. तरीही पहिल्या नोकरीला मी पंधरा वर्षंच सुचवेन, कारण व्यक्तीच्या नावावरच्या बदलत्या दराच्या अशा कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. हप्ता लहान ठेवायचा आणि बोनस आला की जास्तीचे भरायचे. दरवेळी लेखी सांगायचं की मुदत कमी करा, हप्ता नको.

कराबद्दल फार बोलण्यासारखं उरलेलं नाही. ८०ई म्हणून ओळखली जाणारी व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि जो करदाता व्याज भरायला लागतो त्याची आठ वर्षं त्याच वर्षापासून मोजली जातात. वडिलांनी स्वतःच्या कर्जावर पहिल्या वर्षापासून व्याज भरलं तर त्यांची पाच वर्षं मोरेटोरियममध्येच जातात. मुलीचा पगार १२ लाखांच्या आत असेल तर २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत तिला करच नाही, त्यामुळे या वजावटीपायी कर्ज लांबवण्यात काही हशील नाही.

शेवटचं काम शाखेतलं. मोरेटोरियम संपायच्या महिना-दीड महिना आधी अर्ज देऊन मुद्दल किती आणि साचलेलं व्याज किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. व्याज भरल्यावर नवं परतफेड वेळापत्रक मागा. काही शाखांत सुरुवातीलाच अंदाजाने बांधलेला हप्ता सिस्टीममध्ये तसाच राहतो. मग सगळं साचलेलं व्याज भरूनही पहिला हप्ता १४,२७० चाच कापला जातो. पैसे बुडत नाहीत, कर्ज लवकर संपतं, पण ३२ हजारांच्या पगारातून ३,७०० रुपये उगाच जास्त जातात.