दोन इमारतींमधल्या इथरनेट केबलवरचा सर्ज प्रोटेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन इमारतींना जोडणारी साधारण 70 मीटरची तांब्याची इथरनेट केबल मी सांभाळतो. जोरदार विजा झाल्या की कुठल्या ना कुठल्या टोकाच्या स्विचचा एक पोर्ट जायचा, आणि तोही नेमका या केबलचा. बाकीचे पोर्ट ठणठणीत. म्हणून दोन्ही टोकांना आउटडोअर सर्ज प्रोटेक्टर बसवले. आता विजांचा एक अख्खा मोसम काढल्यावर लिहितोय.

वीज केबलवर पडावीच लागते असं नाही. समजा ती पलीकडच्या इमारतीवर पडली आणि तिच्यातले 10 हजार अँपिअर तिथल्या अर्थिंगमधून जमिनीत गेले. त्या अर्थिंगचा रोध 5 ओहम असेल, तर त्या क्षणी पलीकडची ‘जमीन’ 50 हजार व्होल्टवर चढते. अलीकडच्या इमारतीचं अर्थिंग वेगळं, ते जागच्या जागी. आता दोन्ही इमारतींना जोडणारी तार म्हणजे आपली इथरनेट केबल. पोर्टमागे जो छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याने 1500 व्होल्ट एसी किंवा 2400 व्होल्टचा क्षणिक झटका सोसावा एवढीच मानकाची अपेक्षा आहे. त्यापुढे इन्सुलेशन फुटतं आणि करंट चिपमधून वाट काढतो. वीज एका इमारतीवर पडून पोर्ट दुसऱ्या इमारतीतला का जातो, ते यावरून कळेल.

प्रोटेक्टरच्या डबीत दोन टप्पे आहेत. पुढे गॅस डिस्चार्ज ट्यूब, जी मोठा करंट अर्थकडे वळवते. मागे वेगवान डायोड, जे उरलेलं व्होल्टेज कापतात. घेताना दोन गोष्टी बघा. आठही तारांना संरक्षण हवं. काही स्वस्त डब्या चारच तारा जोडतात आणि लिंक गिगाबिटवरून 100 वर येते. दुसरं, पीओई वापरत असाल तर डबी त्यासाठीची आहे ना हे तपासा, कारण केबलवर 57 व्होल्टपर्यंत डीसी असतो आणि त्याच्या खाली कापणारा डायोड पुरवठाच बंद पाडेल.

पण खरा फरक पडला तो अर्थच्या तारेमुळे. आधी इथे दुसऱ्या एका ठेकेदाराने बसवलेली डबी होती, तिची अर्थची तार 3 मीटर लांब, भिंतीवरून वळणं घेत गेलेली. मल्टिमीटरवर ती शून्य ओहमच दाखवायची, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. पण विजेच्या झटक्यात रोध नाही, इंडक्टन्स आडवा येतो: सरळ तारेला मीटरमागे साधारण 1 मायक्रोहेन्री. करंट मायक्रोसेकंदाला 1000 अँपिअर या वेगाने चढला, तर दर मीटरला 1000 व्होल्ट उभे राहतात. म्हणजे 3 मीटरच्या तारेवरच 3000, आणि स्विचचा धातूचा डबा दुसरीकडून अर्थ केलेला असेल तर तो सगळा फरक पोर्टवर येतो. डबी बिचारी आपलं काम करते आणि पोर्ट तरीही जातो. जाड तार टाकून यात फारसा फरक पडत नाही. लांबीच कमी करावी लागते.

म्हणून या वेळी डबी आणि स्विच एकाच धातूच्या पट्टीवर लावले, अर्थची तार वीतभर ठेवली, आणि स्विचच्या वीजपुरवठ्याच्या सर्ज प्रोटेक्टरची अर्थही त्याच पट्टीवर आणली. मुख्य लाइनमधून आलेला झटका स्विचमधून केबलकडे पळू नये, म्हणून हे शेवटचं महत्त्वाचं. पट्टी एकत्र वर चढली तरी चालेल, तिच्यावरच्या दोन वस्तूंमध्ये फरक पडायला नको.

या मोसमात एकही पोर्ट गेला नाही. एका वादळानंतर मात्र लिंक अजिबात येईना. डबी बाजूला काढून केबल थेट जोडली, लिंक आली. उघडून मोजलं तर एका जोडीची तार अर्थला जवळजवळ शून्य ओहम दाखवत होती: ट्यूब शॉर्ट होऊन गेली होती आणि स्विच शाबूत होता. ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की घटक उघडा पडून गेला, तर लिंक चालूच राहते आणि संरक्षण गेल्याचं साध्या मोजमापात कळत नाही, कारण चांगली ट्यूबही मल्टिमीटरला उघडीच दिसते. मी वादळानंतर दोन्ही टोकांचा वेग आणि एरर पाहतो:

```
ethtool eth0
ethtool -S eth0
```

`Speed` 1000 वरून 100 वर उतरला असेल किंवा सीआरसी एरर वाढत असतील, तर एखादी जोडी किंवा चिप अर्धवट भाजली आहे असं धरून चालतो. सुटी डबी जवळ ठेवलेली बरी.

थेट केबलवर वीज पडली तर मात्र या डब्या टिकतील अशी अपेक्षा मी ठेवत नाही. केबल नव्याने टाकायचीच असेल, तर इमारती-इमारतींमध्ये तांबं नको, फायबर टाका, तेही आत धातू नसलेलं. चिलखती फायबरच्या पत्र्यातून हाच करंट आत येतो, त्यामुळे ते घेतलं तर इमारतीत शिरतानाच पत्रा अर्थ करावा लागतो. छतावरचा कॅमेरा, ॲक्सेस पॉइंट अशा जिथे पीओईमुळे तांबं टाळता येत नाही, तिथे मी या डब्या पुन्हा घेईन.