ग्राहकाचं नाव जाहिरातीत वापरायचं: कोटेशनमध्ये आधीच कलम, की काम झाल्यावर मजकूर दाखवून परवानगी?

आमचं काम कोल्ड स्टोरेजला तापमान-नियंत्रणाची यंत्रणा बसवून देण्याचं. गिऱ्हाईक मुख्यतः बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस, म्हणजे तासगाव, सांगली मार्केट यार्ड, कुपवाड हा पट्टा. इथं नवीन माणसाला आमच्याकडं आणतं ते आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव. माहितीपत्रक, वेबसाइट, टेंडर, सगळीकडं पहिला प्रश्न एकच येतो, "आपल्या भागात कुणाकडं बसवलंय?" त्यामुळं नाव वापरायची परवानगी कशी आणि कधी घ्यायची, हा माझ्यासाठी धंद्याचा प्रश्न आहे. दोन्ही पद्धती मी वापरल्यात. पहिली चार वर्षं कलमाची होती, त्यानंतरची मजकूर दाखवून विचारायची.

कलमाची पद्धत बहुतेकांना माहीत असते. कोटेशनच्या मागच्या पानावर एक ओळ टाकायची, की पुरवठादाराला ग्राहकाचं नाव, लोगो आणि कामाचा तपशील प्रसिद्धीसाठी वापरता येईल. ऑर्डरबरोबर तीही सही होऊन येते. दुसऱ्या पद्धतीत काम पूर्ण होतं, एक हंगाम जातो, मग आपण मजकूर लिहून समोर ठेवतो आणि त्या मजकुरापुरती लेखी संमती घेतो. पहिलीत वेळ लागत नाही. दुसरीत मला साधारण दोन महिने जातात, आणि तीनातला एक जण नाही म्हणतो. निव्वळ सोय पाहिली तर कलम सरस आहे, यात वाद नाही.

माझं मत फिरलं ते एका कामामुळं. तासगाव भागातल्या एका स्टोरेजचं काम केलं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. कोटेशनवर त्यांची सही होती, कलम त्यात होतं. मी वेबसाइटवर सविस्तर लिहिलं. असा मजकूर लिहिताना आपण नेहमी तेच करतो. आधी काय अडचण होती, आपण काय केलं, मग काय फरक पडला. मी लिहिलं की पूर्वी कॉम्प्रेसर ऑपरेटरच्या अंदाजानं चालू-बंद व्हायचा, रात्री चेंबरचं तापमान चार-पाच अंशांनी वर जायचं, आता ते एका अंशात राहतं. सगळं खरं होतं.

तीन महिन्यांनी अण्णांचा फोन आला. एक बागायतदार मोबाइल घेऊन त्यांच्या ऑफिसात आला होता. "अण्णा, तुमच्यात रात्री गरम व्हायचं म्हणं. मग माझा दोन वर्षांमागचा माल काळपट पडला त्यो त्यामुळंच की काय?" बेदाणा उबेला रंग सोडतो आणि रंग गेला की सौद्यात दर उतरतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. अण्णा मला एवढंच म्हणाले, "आमचं नाव घाला म्हणून सही केली होती ओ. आमची उणी काढा म्हणून न्हवं." मजकूर मी त्याच संध्याकाळी उतरवला. पुढच्या वर्षी देखभालीचा करार झाला नाही.

मला खटकलेली एकच गोष्ट सांगायची तर हीच. कलमावर सही होते तेव्हा मजकूर जन्मालाच आलेला नसतो. ग्राहक होकार देतो तो नावाला, आणि आपण वापरतो ती गोष्ट. त्या गोष्टीतला "आधी"चा परिच्छेद म्हणजे ग्राहकानं जाहीरपणे दिलेली कबुली असते. आपल्याला तोच परिच्छेद सगळ्यात हवासा वाटतो, कारण त्याच्याशिवाय फरक दिसत नाही. ग्राहकाला मात्र तोच सगळ्यात महाग पडतो, कारण त्याचेही ग्राहक आहेत आणि ते वाचतात. कायद्यानं मी चुकलो नव्हतो. पण कायद्यानं बरोबर असून अण्णांसमोर बसता येत नव्हतं.

आता दुसरी पद्धत, पुढच्याच एका कामात जशी घडली तशी सांगतो. या मालकांनी मला परवानगी दिलीय ती माहितीपत्रकापुरती, म्हणून इथं नाव घेत नाही आणि आकडेही गोल केलेत.

विचारायची वेळ मी त्यांच्यावर सोडली. हंगामात, म्हणजे मार्च ते मे माल आत येत असताना, हा विषय काढूच नये. ऑगस्टमध्ये त्यांचाच फोन आला की महावितरणचं बिल बरंच खाली आलंय. त्याच आठवड्यात जाऊन बसलो आणि म्हणालो, "दादा, हे लिहू का? आधी तुम्हाला दाखवतो, तुम्ही खोडाल ते खोडलं." मग पानभर मजकूर छापून नेला आणि त्यांच्याकडं आठ दिवस ठेवला. कागदच नेला, मोबाइलवर पाठवला नाही. मोबाइलवर माणूस अंगठा दाखवून मोकळा होतो. कागदावर पेन चालतं, आणि तो कागद मुलाकडं, मॅनेजरकडं, हिशेबनिसाकडंही फिरतो.

मजकुरात मी लिहिलं होतं की वीज १८ टक्के वाचली. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत आदल्या वर्षी १,००,००० युनिट लागले, या वर्षी ८२,०००. हिशेब सरळ होता. आठ दिवसांनी कागद परत आला तेव्हा १८ वर गोल होता आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, "३ नंबर चेंबर एप्रिल-मे रिकामा." मॅनेजरांनी लिहिलं होतं. त्यांचे पाच चेंबर, प्रत्येकी ४०० टनांचे. आदल्या वर्षी पाचही भरलेले, म्हणजे २,००० टन. या वर्षी एक चेंबर चारपैकी दोन महिने बंद, म्हणजे सरासरी १,८०० टन. टनामागं पाहिलं तर आधी ५० युनिट, आता साधारण साडेपंचेचाळीस. बचत ९ टक्के. टनामागचा हिशेबही पूर्ण खरा नव्हे, कारण भिंतीतून आणि दारातून येणारी उष्णता माल कमी झाला म्हणून त्याच प्रमाणात घटत नाही. खरा आकडा ९ आणि १८ च्या मध्ये कुठंतरी असावा. आम्ही ९ छापला.

कलमाच्या भरवशावर असतो तर १८ छापून बसलो असतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शिफारस ही शिफारस करणाऱ्याचं खरंखुरं मत असावी, हे त्यात आहे. आपण त्याला काही सवलत दिली असेल आणि वाचणाऱ्याला त्याची कल्पना नसेल, तर ते उघड करावं लागतं, हेही त्यात आहे. म्हणून "नाव वापरू द्या, देखभालीत पाच टक्के कमी करतो" असा सौदा मी करत नाही. पण त्याहून जवळची भीती अशी, की नवं गिऱ्हाईक त्या मॅनेजरांनाच फोन करणार आणि ते खरं तेच सांगणार.

"आधी"च्या परिच्छेदाचं काय केलं? दादांनी तो पूर्ण खोडला होता. मी एक वाक्य सुचवलं, "नोंदी हातानं ठेवल्या जात होत्या, त्या आता आपोआप होतात." ते त्यांनी ठेवलं. मजकूर थोडा फिका झाला, हे मान्य करतो.

शेवटी त्यांच्या लेटरहेडवर पाच ओळी घेतल्या: नाव आणि लोगो चालेल, टक्केवारी चालेल, युनिट आणि टन चालणार नाहीत, फक्त छापील माहितीपत्रकात, दोन वर्षं, आणि कधीही नको म्हटलं तर पुढच्या छपाईत नाव काढायचं. लोगो वेगळा लिहून घेतला, कारण तो त्यांचा ट्रेडमार्क आहे आणि नावाच्या होकारात तो आपोआप येत नाही. मॅनेजरांचा फोटो हवा होता, त्यासाठी मॅनेजरांची स्वतःची सही वेगळी घेतली. मालकाचा होकार नोकराच्या चेहऱ्याला लागू होत नाही. वैयक्तिक माहितीबाबतचा २०२३ चा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, आणि त्यात संमती द्यायला जितकी सोपी तितकीच मागं घ्यायलाही सोपी असावी, असं आहे.

जे नाही म्हणतात त्यांना मी दोन पर्याय देतो. एक, छापत नाही, पण कुणी गंभीर चौकशी केली तर आधी तुम्हाला विचारून मग तुमचा नंबर देतो. याला सहसा होकार मिळतो, आणि खरं सांगायचं तर ऑर्डरी यातूनच जास्त आल्या. दुसरा, नाव न घेता "तासगावातलं एक कोल्ड स्टोरेज" असं लिहायचं. हा पुण्या-मुंबईत चालत असेल. इथं क्षमता आणि बांधल्याचं साल लिहिलं की तालुका नाव सांगतो, म्हणून बिननावाचा मजकूरही मी दाखवूनच छापतो.

कलमाची बाजू जिथं मला खरोखर जड वाटते ते ठिकाण म्हणजे मोठी कंपनी. तिथं नंतर विचारलं तर ज्या प्लँट मॅनेजरनं आपलं काम पाहिलं त्याची बदली झालेली असते, आणि अर्ज मुख्यालयातल्या कायदा विभागात पडून राहतो. तिथं सुरुवातीलाच बोलून ठेवावं. पण त्यांची पर्चेस ऑर्डर नीट वाचा. लेखी परवानगीशिवाय आमचं नाव वापरू नये, अशी अट बऱ्याचदा त्यातच असते, आणि त्यांच्याच अटी वरचढ राहतील असंही शेजारी लिहिलेलं असतं. मग आपल्या कोटेशनमधल्या ओळीला काही अर्थ उरत नाही. सहकारी संस्था असेल तर व्यवस्थापकांच्या तोंडी होकारावर थांबू नये. संचालक मंडळ बदललं की तो होकारही बदलतो, म्हणून ठरावाची प्रत मागावी. आणि ज्यांची वर्षाला दोनशे छोटी कामं होतात, नुसती नावांची यादीच लावायची आहे, त्यांना प्रत्येकाकडं कागद घेऊन फिरा असं मी सांगणार नाही. यादीत "आधी"चा परिच्छेद नसतो.

माझ्या कोटेशनच्या मागच्या पानावर ती ओळ अजून आहे, फक्त बदललेली: "आपलं नाव प्रसिद्धीसाठी वापरण्यापूर्वी मजकूर आपल्याला दाखवला जाईल आणि त्या मजकुरापुरती लेखी संमती घेतली जाईल." गेल्या महिन्यात कुपवाडच्या एका मालकांनी सही करताना तिच्यावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे पुढं काय लिहिणार हाय तुम्ही?" काम सुरू व्हायच्या आधीच आम्ही त्यावर अर्धा तास बोललो, आणि वीजबिलाचा आकडा चालेल पण चेंबरच्या आतला फोटो नको, हे तिथंच ठरलं.