रामकुंडावरून लाइव्ह: 720, 480 की सगळं अ‍ॅपवर सोडायचं?

रामकुंडावरून संध्याकाळची गोदाआरती फोनवरून लाइव्ह दाखवायची, तर कॅमेरा कुठला याआधी अपलोड किती हे बघावं लागतं. दुपारी घाट मोकळा असताना स्पीड टेस्टने मला 4.2 एमबीपीएस अपलोड दाखवला होता. आरतीला गर्दी जमल्यावर तिथेच पाच वेळा मोजलं, तर सर्वांत कमी आकडा आला 1.3. हिशेब याच आकड्यावर करायचा. सरासरी धरलीत की फसलात.

मी आधी 720p घेतलं होतं, आवाजासकट साधारण 2.1 एमबीपीएस. लाइन 1.3 ची, म्हणजे दर सेकंदाला 0.8 मेगाबिट मागे राहतात. दहा सेकंदांत 8 मेगाबिट तुंबतात आणि ते निचरायला सहा सेकंद लागतात, तेही तोवर नवं काही पाठवलं नाही तर. फोनवरची बहुतेक अ‍ॅप्स आरटीएमपीने पाठवतात. त्यात वाटेत हरवलेलं परत पाठवलं जातं, त्यामुळे रांग वाढतच जाते. शेवटी अ‍ॅप फ्रेम गाळतं, नाहीतर जोडणीच तुटते. आपल्या स्क्रीनवर मात्र सगळं झकास चाललेलं असतं, कारण तो थेट कॅमेऱ्याचा प्रिव्ह्यू. पुण्याहून मावशीचा फोन आला, "अरे, ती पंचारती मघापासून हवेतच आहे!" तेव्हा मला कळलं.

आता 480p. 1.3 चे साठ टक्के म्हणजे 780 केबीपीएस. त्यात 700 चित्राला आणि 64 मोनो आवाजाला दिले. उरलेले चाळीस टक्के मोकळेच ठेवायचे, लाइन अजून खाली गेली तर ते कामी येतात. तासाला डेटाही साडेतीनशे एमबीच्या आसपास जातो. मोठ्या टीव्हीवर चित्र जरा मऊ दिसतं, पण अडत नाही. याच 700 मध्ये 720p कोंबायचा मोह होतो, तो टाळा. हलतं पाणी आणि ज्योती बिट फार खातात, मग नदीचे चौकोनी तुकडे दिसतात. हात हलला तरी तेच, म्हणून ट्रायपॉड हवाच.

तिसरा पर्याय अ‍ॅडॅप्टिव्ह, म्हणजे बिटरेट अ‍ॅपने ठरवायचा. लॅरिक्ससारख्या अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. पालखीबरोबर चालताना मी हेच घेईन, कारण टॉवर बदलत राहतो. पण अ‍ॅप बिटरेट उतरवतं ते रांग साचू लागल्यावर, आणि लाइन जरा सुधारली की पुन्हा वर चढून अडकतं. त्यामुळे वरची मर्यादा हाताने घाला, 1000 च्या पुढे नको.

एका जागी उभं राहायचं असेल तर माझं मत स्थिर 480p ला. आणि शेजारी दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा फोन ठेवून त्यावर आपलंच लाइव्ह बघत राहा. दर पाच मिनिटांनी मागे पडण्याचा वेळ मोजा. तो 10 सेकंदांवरून 20, 30 असा वाढत गेला, तर चित्र थांबायची वाट न बघता बिटरेट 500 वर आणा.