आधी एबीएस बंद करू की रेसिंग लाइन?

इंदिरानगरचा माझा मावसभाऊ रेसिंग गेममध्ये महिनाभर सगळे असिस्ट, म्हणजे गेमच्या मदती, लावून खेळला. आता त्याचा प्रश्न: "दादा, आधी काय काढू?"

एबीएस काढायची मेहनत बघ. एबीएस काढलं की जोरात ब्रेक दाबताच पुढची चाकं जाम होतात, स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाकासमोर सरळ जाते. उपाय एकच: सरळ रस्त्यावर जोरात दाबायचं आणि वेग उतरेल तसा दाब सोडत जायचा. कंट्रोलरच्या ट्रिगरवर हे नाजूक काम आहे, पेडलवर बरंच सोपं. शिवाय खऱ्या जीटी३ रेसिंग गाड्यांनाही एबीएस असतंच, त्यामुळे लाज कसली?

रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवर दिसणारी मदतीची रेषा, बंद करायला हात नाही, डोळे लागतात. मोंझा ट्रॅकच्या पहिल्या वळणाआधी हा पठ्ठ्या रेषा लाल झाली की ब्रेक मारायचा. अंतराच्या पाट्या त्याने कधी बघितल्याच नव्हत्या. आम्ही रेषा बंद केली. २०० च्या पाटीला ब्रेक, मग दर दोन लॅपला थोडं उशिरा. वळणाची आतली कड हुकायला लागली की समजायचं, फार उशीर झाला. पहिल्या संध्याकाळी लॅप टाइम बिघडला, पण पुढची गाडी रेषा झाकते तेव्हाची त्याची गडबड थांबली.

स्टॅबिलिटीची मदत मधल्या टप्प्यात कमी करावी; ती गाडी घसरू देत नाही, म्हणून सावरणंही शिकवत नाही.

कंट्रोलरवाल्याने आधी रेषा बंद करावी, एबीएस खुशाल ठेवावं. पेडल आहेत आणि जुन्या, एबीएस नसलेल्या गाड्या चालवायच्यात, त्याने एबीएसला हात घालावा.