बॅटरी फुगून ट्रॅकपॅड वर आलाय: नवी बॅटरी येईपर्यंत लॅपटॉप वापरावा, बंद ठेवावा की बॅटरी काढून चालवावा?

ट्रॅकपॅडचं क्लिक दबेनासं होतं, त्याची एक कड बोटाला लागू लागते, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो. अशा वेळी बहुतेक जण ट्रॅकपॅडच बिघडला असं धरून चालतात. पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी ट्रॅकपॅडच्या बरोबर खाली असते आणि दोघांमधली जागा अगदी थोडी असते. क्लिक होण्यासाठी ट्रॅकपॅडला किंचित खाली जावं लागतं. बॅटरीने ती जागा खाल्ली की आधी क्लिक जातं आणि मग ट्रॅकपॅड वर उचलला जातो.

नवी बॅटरी मिळेपर्यंत काही दिवस जातात आणि काम तर थांबत नाही. तेव्हा तीन मार्ग समोर असतात. माझं मत आधीच सांगतो: बॅटरी स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढून ठेवा आणि लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरवर चालवा. चिकटवलेली असेल तर बॅकअप घेऊन लॅपटॉप बंद ठेवा. फुगलेली बॅटरी आत ठेवून नेहमीसारखं काम करत राहणं दोन्ही बाबतींत चुकीचं आहे.

आत काय झालेलं असतं

लॅपटॉपमधले सेल आता बहुधा पातळ, मऊ पाकिटाच्या रूपात असतात. प्लॅस्टिकचे थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीत इलेक्ट्रोडचे पापुद्रे आणि इलेक्ट्रोलाइट बंद केलेलं असतं. इलेक्ट्रोलाइटमध्ये ज्वलनशील सेंद्रिय द्रावक असतं. सेल पूर्ण चार्ज असताना, म्हणजे 4.2 व्होल्ट किंवा त्याहून थोड्या वरच्या पातळीवर, हे द्रावक हळूहळू विघटित होतं. उष्णतेने तो वेग वाढतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीन असे वायू तयार होतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट उशीसारखं फुगतं. दिवसरात्र अ‍ॅडॅप्टरला जोडलेला, 100 टक्के चार्ज असलेला आणि गरम राहणारा लॅपटॉप फुगण्याच्या सगळ्या अटी एकत्र पूर्ण करतो. जुनेपणा आणि कारखान्यातला दोष ही कारणंही असतातच.

वायू जमला म्हणून लगेच आग लागत नाही. धोका पुढच्या दोन गोष्टींत आहे. आतले पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे चार्जिंग असमान होतं आणि काही ठिकाणी धातुरूप लिथियम साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. दुसरं म्हणजे ताणलेली पन्नी एखाद्या स्क्रूच्या टोकावर किंवा धातूच्या कडेवर दाबली जाते. झाकण जोर लावून बंद करणं, ट्रॅकपॅड दाबून सपाट करू पाहणं किंवा खालचे स्क्रू आवळणं म्हणजे याच पन्नीवर जोर देणं. टाचणीने वायू काढून टाकण्याचा विचार तर मनातही आणू नका. पन्नीला भोक पडलं की शॉर्ट होऊ शकतो आणि सेल पेट घेऊ शकतो.

पहिला मार्ग: आहे तसाच वापरत राहणं

या मार्गाचं समर्थन बहुतेक वेळा बॅटरीच्या रिपोर्टवरून केलं जातं. विंडोजमध्ये तो असा मिळतो:

```
powercfg /batteryreport
```

समजा, त्यात DESIGN CAPACITY 50,000 mWh आणि FULL CHARGE CAPACITY 41,000 mWh दिसली. म्हणजे 82 टक्के क्षमता शिल्लक, आकडा चांगलाच वाटतो. पण हा रिपोर्ट क्षमतेचा हिशोब सांगतो, जाडी मोजत नाही. तीन सेलपैकी मधला एकच फुगला असेल तरी आकडा असाच दिसू शकतो. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय नव्या बॅटरीसाठी उत्तम आहे, पण जमलेला वायू त्याने परत जिरत नाही. या मार्गाचा एकच फायदा, काम अखंड चालतं. त्यासाठी सदोष सेल रोज चार्ज होतो आणि रोज गरम होतो.

दुसरा मार्ग: बॅकअप घेऊन बंद ठेवणं

चिकटवलेल्या बॅटरीसाठी हाच मार्ग. लॅपटॉप गार असेल, वास किंवा आवाज नसेल आणि फुगवटा बेताचा असेल, तर अ‍ॅडॅप्टर काढा, कठीण सपाट जागेवर ठेवा आणि बॅटरीवरच बॅकअप घ्या. यात दोन कामं साधतात: माहिती वाचते आणि चार्ज उतरतो. चार्ज 25 टक्क्यांच्या खाली आणलेला बरा, कारण कमी चार्ज म्हणजे काही बिनसलंच तर बाहेर पडणारी ऊर्जाही कमी. तोवर शेजारीच बसून राहा. मग Sleep नाही, पूर्ण Shut down करा. झाकण सहज मिटत नसेल तर उघडंच राहू द्या.

लॅपटॉप फरशीवर, पडदे, अंथरूण, कागदांपासून दूर ठेवा. उन्हात नको, फ्रीजमध्ये नको, हवाबंद डब्यातही नको. आधीपासूनच तो गरम लागत असेल किंवा गोडसर, द्रावकासारखा वास येत असेल, तर बॅकअपचा नाद सोडून लगेच बंद करा.

तिसरा मार्ग: बॅटरी काढून अ‍ॅडॅप्टरवर चालवणं

उघडण्याआधी आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल पाहा. बॅटरी प्लॅस्टिकच्या चौकटीत स्क्रूंनी बसवलेली दिसली तर हे काम घरी जमण्यासारखं आहे. उघडे सेल थेट चिकटवलेले दिसले तर हात लावू नका. ते सोडवताना पट्टी खाली सारावी लागते, सेल वाकतो, आणि फुगलेला सेल वाकवणं हाच सर्वांत धोक्याचा भाग आहे.

चार्ज वर सांगितल्याप्रमाणे उतरवून, लॅपटॉप बंद करून गार होऊ द्या. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलमध्ये BIOS मध्ये Disable Built-in Battery हा पर्याय असतो, तो आधी वापरा. आतून दाब असल्याने खालचं कव्हर उसळू शकतं, म्हणून सगळे स्क्रू थोडे थोडे, तिरप्या क्रमाने सैल करा. प्रथम बॅटरीचा कनेक्टर नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा, धातूने नाही. मग चौकटीचे स्क्रू. चौकट धरून सरळ वर उचला. अडली तर तिथेच थांबा. बाहेर आल्यावर कनेक्टरवर इन्सुलेशन टेप लावा आणि बॅटरी वाळू भरलेल्या धातूच्या भांड्यात, झाकण न लावता ठेवा.

आता मर्यादा. काही लॅपटॉप बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. काही सुरू होतात, पण प्रोसेसरचा वेग कमी करतात. वीज क्षणभर गेली तरी मशीन तत्क्षणी बंद पडतं, त्यामुळे काम वरचेवर सेव्ह करावं लागतं. एवढं सोसलं तर काम चालू राहतं आणि धोक्याची वस्तूही मशीनबाहेर असते. नुसता कनेक्टर काढून बॅटरी आतच ठेवणं हा मधला उपाय दुरुस्तीला नेईपर्यंत ठीक आहे. त्या अवस्थेत लॅपटॉप चालवू मात्र नका. चार्जिंग थांबतं, पण प्रोसेसरची उष्णता आणि ट्रॅकपॅडवरचा दाब तसाच राहतो.

कोणत्याही टप्प्यावर फुसफुस आवाज किंवा धूर आला तर खोलीबाहेर पडा, जमल्यास मेन स्विच बंद करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. लिथियम-आयन बॅटरीवर पाणी चालत नाही हा समज चुकीचा आहे. भरपूर पाण्याने शेजारचे सेल थंड होतात. पण वीजपुरवठा तोडलेला नसेल किंवा खोलीत धूर भरला असेल तर ते काम आपलं नाही.

दुरुस्तीला देताना बॅटरी फुगल्याचं आधीच सांगा, म्हणजे उघडणारा माणूस तयारीने उघडेल. अशी बॅटरी विमानातून नेता येत नाही, नेहमीच्या पार्सलमधून पाठवायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे ती वेगळी, फुगलेली आहे असं सांगून द्या. नवी बॅटरी बसल्यावरही क्लिक नीट होत नसेल, तर दाबाने ट्रॅकपॅडची पट्टी वाकलेली असू शकते. ती तपासल्याशिवाय कव्हर लावू देऊ नका.