‘सुधारित बिल’ आलं आणि ४,७९,०८० रुपये गेले

रबाळे एमआयडीसीत आमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. बिलं, पेमेंट, जीएसटी सगळं बारा वर्षं मीच बघते. त्यामुळे “नीट बघून पाठवायचे ना पैसे” हे आता कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. बघूनच पाठवले होते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलचे पत्रे आले. बिल ४,१२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,८६,१६०. तिसऱ्या दिवशी दुसरं बिल मेलवर आलं. तोच क्रमांक, फक्त शेवटी /R लावलेला. तीच तारीख, तोच माल. रक्कम मात्र ४,७९,०८०.

मी गोंधळले, म्हणून विचारलं. त्याच मेलला उत्तर दिलं, “दोन बिलं आली आहेत, कोणतं धरायचं?” वीस मिनिटांत खुलासा आला. गाडीभाडं ६,००० चुकून दोनदा लागलं, त्यावरचा जीएसटी १,०८० धरून ७,०८० कमी केले आहेत, जुनं बिल रद्द समजावं, तसदीबद्दल क्षमस्व. आणि शेवटी एक ओळ: आमच्या चालू खात्याचं ऑडिट सुरू असल्याने या वेळी रक्कम आमच्या दुसऱ्या फर्मच्या खात्यात भरावी.

आकडे पैशापर्यंत जुळत होते. भाडं खरंच त्या गाडीचंच होतं. जी माहिती फक्त आम्हा दोघांना होती ती त्या मेलमध्ये होती, मग संशय कसा यावा? नंतर कळलं की व्यापाऱ्याचा मेलबॉक्स कुणीतरी फोडला होता आणि त्याला येणारा प्रत्येक मेल परस्पर बाहेर जात होता. दुसरं बिल वेगळ्याच पत्त्यावरून आलं होतं. नावात `m` होता तिथे `rn`, शेजारी शेजारी. म्हणजे मी शंका विचारली ती चोरालाच. शंका आली तर त्या मेलला उत्तर देऊ नका, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करा. मेलखालचा नंबरही चोराने बदललेला होता.

आणि आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांपुढे येतो. शुक्रवारी संध्याकाळी आरटीजीएस करताना बँकेने खातेदाराचं नाव दाखवलं. भलतंच नाव, शेवटी एंटरप्रायझेस. माझा हात थांबला होता. खरंच थांबला होता. पण मेलमध्ये “दुसरी फर्म” लिहिलेलं होतं ना, म्हणून मी ओटीपी टाकला. नाव वेगळं दिसलं तर तिथेच थांबा, कारण कितीही पटणारं असो.

दुसरी खूण तर कागदावरच होती. हा व्यापारी ई-इन्व्हॉइस काढतो, म्हणजे प्रत्येक बिल जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवतो. त्याचं बिल चोवीस तासांच्या आतच पोर्टलवर रद्द करता येतं, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. नंतर रक्कम कमी करायची तर वेगळ्या क्रमांकाची क्रेडिट नोट निघते, मूळ बिल तसंच राहतं. त्याच क्रमांकाला शेपूट लावून दुसरं बिल येतच नाही. हे मला माहीत होतं! खऱ्या खुलाशात क्रेडिट नोटचा क्रमांक असता आणि खात्याचा विषयच निघाला नसता. त्या बनावट बिलावरचा क्यूआर कोड मी मंगळवारी, सगळं झाल्यावर, तपासणीच्या अॅपमध्ये स्कॅन केला. रक्कम दिसली ४,८६,१६०. मूळ बिलावरून उचलून चिकटवलेला कोड. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

मंगळवारी व्यापाऱ्याचा फोन आला, “ताई, पेमेंट राहिलंय.” तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. तुमच्यावर वेळ आली तर आधी हेच करा, बँकेत रांग लावू नका. मी शाखेतही गेले. तिथे उत्तर, “मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलात.” समोरच्या बँकेला कळवा म्हटलं, तर लेटरहेडवर अर्ज आणा, शिक्का मारा, मॅनेजर जेवायला गेलेत. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा तुमचा आणि व्यापाऱ्याचा व्यवहार, दिवाणी बाब आहे. सायबर शाखेत गेले, तर म्हणाले, आधी पोलीस ठाण्यातून पत्र आणा. एका दिवसात पाच खेपा! चोराला वीस मिनिटांत उत्तर देता येतं आणि पगारी माणसांना नाही? त्या खात्यात शेवटी ३८,५०० गोठवले गेले. बाकीचे शनिवारीच काढलेले होते.

ते ३८,५०० सुद्धा अजून हातात आलेले नाहीत, त्यासाठी कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. व्यापारी म्हणतो, माझे ४,८६,१६० उभे आहेत. मी म्हणते, मेलबॉक्स तुमचा फुटला. काल तो गाळ्यावर येऊन बसला होता. निम्मं-निम्मं सोसू म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही.