z^3 - 1 साठी न्यूटन घ्यावा की हॅले?

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तीन रंगांची ती प्रसिद्ध आकृती काढायची म्हटलं, की नांदेड-लातूरकडची मुलं हमखास विचारतात, "सर, न्यूटन घेऊ की हॅले?" न्यूटन नि हॅले या समीकरणाची मुळं पावलापावलाने शोधायच्या दोन पद्धती, आणि आकृती दोन्हींची निघते. पण कशासाठी काढताय, यावर उत्तर बदलतं.

समीकरण z^3 - 1 = 0. मुळं तीन: एक १, आणि बाकीची दोन संमिश्र, एककवर्तुळावर १२०-१२० अंशांवर. प्रतलातला कुठलाही बिंदू घ्यायचा, खालची एक ओळ पुन्हा पुन्हा चालवायची, आणि तो ज्या मुळाशी पोचेल त्याचा रंग त्याला द्यायचा. एका मुळाकडे जाणारे सगळे बिंदू म्हणजे त्या मुळाचं खोरं.

```python
z = (2*z**3 + 1) / (3*z**2)        # Newton
z = z*(z**3 + 2) / (2*z**3 + 1)    # Halley
```

हॅलेच्या पद्धतीला दुसरं अवकलज लागतं म्हणून ती महाग, असं पुस्तकात वाचलेलं असतं. या समीकरणापुरतं ते विसरा. आकडेमोड सुटसुटीत केल्यावर दोन्ही ओळींत एकेकच भागाकार उरतो. फरक पडतो तो पावलांच्या संख्येत.

−०.८ पासून निघून पाहा. न्यूटनचं पहिलं पाऊल −०.०१२५ वर पडतं, म्हणजे शून्याच्या अगदी शेजारी. छेदात z^2 असल्यामुळे पुढचं पाऊल थेट २१३३ च्या आसपास उडतं. तिथून परतीचा रस्ता लांबचा आहे, कारण z मोठा असताना न्यूटन दर पावलाला त्याचा जेमतेम दोन-तृतीयांश करतो. १.०००५ पर्यंत यायला एकूण २३ पावलं लागतात. हॅले त्याच −०.८ वरून ४९.६ वर जातो, मग दर वेळी साधारण निम्मा होत आठव्या पावलाला १.०००२ वर येतो. −१ पासून तर हॅले एकाच पावलात १ वर पोचतो. न्यूटन मात्र आधी −१/३ वर, मग २५/९ वर जाऊन सावकाश खाली उतरतो.

पावलांची कमाल मर्यादा २० ठेवली, तर न्यूटनच्या आकृतीत −०.८ चा ठिपका काळा राहतो आणि मुलं त्यालाच फ्रॅक्टल सीमा समजून बसतात. मर्यादा ५० करून पाहा. काळा भाग आक्रसला, तर तो सीमा नव्हता, फक्त वेळ कमी पडला होता. न्यूटनच्या आकृतीत मुळांखेरीज एकच क्रांतिक बिंदू उरतो, तो शून्य, आणि तो अनंताकडे जातो. हॅलेच्या बाबतीत तर सगळे क्रांतिक बिंदू मुळांवरच बसलेले आहेत. बिंदूंना ओढून धरणारं दुसरं काही असतं, तर एखादा क्रांतिक बिंदू त्याच्याकडे गेलाच असता. त्यामुळे दोन्हीकडे मुळांशिवाय दुसरं काही बिंदूंना ओढून धरत नाही. z^3 - 2z + 2 ला मात्र हे लागू नाही. तिथे न्यूटन ० वरून १ वर आणि १ वरून ० वर घुटमळतो, आणि काळे डाग खरेच असतात.

आता सीमा. बीड, लातूर आणि धाराशिव हे तीन जिल्हे नकाशावर एका ठिकाणी भेटतात. बाकी सीमेवर दोनच जिल्हे समोरासमोर असतात. इथे सीमेचा प्रत्येक बिंदू तीन जिल्ह्यांचा. दोन रंगांच्या मधे कुठेही झूम करा, तिसरा रंग तिथे असतोच, कितीही आत गेलात तरी. हे दोन्ही पद्धतींत खरं आहे, पण दिसतं सारखं नाही. न्यूटनच्या साखळीत मोठमोठे लोंबते मणी आहेत, त्यांच्या कडेला लहान मणी, आणि ० च्या भोवती तीनही रंगांची दाटी. हॅलेची सीमा बारीक असते, खोरी मोठी नि सलग दिसतात. गणितज्ञ आर्थर केलीने १८७९ मध्ये न्यूटनच्या पद्धतीसाठी दोन मुळांचा प्रश्न सोडवला, तिथे सीमा निव्वळ सरळ रेषा निघाली. तीन मुळांपाशी त्यालाही अडचण आली. हे समजावून सांगायचं असेल तर न्यूटनचीच आकृती हवी. माझं मत तिकडेच झुकतं. हॅले मुळं भराभर शोधतो, पण पोस्टरवर त्याची आकृती त्या मानाने निरस वाटते.

न्यूटन घेतलात, तर एक काळजी घ्या. −२ ते २ मध्ये ८०१ बिंदूंची जाळी केली, की मधला बिंदू नेमका ० वर येतो आणि भागाकार फसतो. साध्या पायथनमध्ये प्रोग्राम तिथेच थांबतो. नमपायमध्ये थांबत नाही, पण त्या ठिपक्यात nan बसतो आणि भलताच रंग येऊ शकतो. ८०० बिंदू घ्या, प्रश्नच मिटतो. हॅलेत ० हा स्थिर बिंदू असल्याने तक्रार येत नाही, पण तो ठिपका कुठल्याच मुळाकडे जात नाही, आणि तिथे मर्यादा कितीही वाढवली तरी उपयोग नाही.